नव्याण्णव शेकडे, वजा बारा

१०३ × ९६. हा गुणाकार मी परीक्षेत पाच-सहा सेकंदांत केला आणि चुकवला. माझं उत्तर होतं ९९१२. ते पर्यायांत होतंच, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. बरोबर उत्तर ९८८८, तेही त्याच चार पर्यायांत होतं. पेपर काढणाऱ्याला माझ्यासारखी मंडळी कुठे घसरतात ते नेमकं ठाऊक होतं. सरळ मांडून गुणाकार केला असता तर तीस सेकंद गेले असते आणि गुण मिळाला असता, हे अजूनही मनातून जात नाही.

शंभराजवळच्या दोन संख्या चटकन गुणायची ही पद्धत तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असेल, म्हणून एकदाच भरभर सांगते. ९७ × ९४ घ्या. ९७ शंभरापेक्षा ३ने कमी, ९४ हे ६ने कमी. एकातून दुसऱ्याची तूट तिरकी वजा करायची: ९७ − ६ = ९१. मग दोन्ही तुटींचा गुणाकार, ३ × ६ = १८. उत्तर ९११८. दोन्ही संख्या शंभराच्या वर असतील तर तिरकी बेरीज: १०४ × १०७ मध्ये १०४ + ७ = १११ आणि ४ × ७ = २८, म्हणून १११२८. क्लासमध्ये याला निखिल पद्धत म्हणतात.

मला ही पद्धत ज्यांनी शिकवली ते फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारायचे. डावीकडे ९१, उजवीकडे १८, रेघ पुसली की उत्तर तयार. वर्गात टाळ्या पडायच्या, मीही वाजवल्या. शिक्षक वाईट नव्हते, पण त्या रेघेवर माझा अजून राग आहे. ‘दोन तुकडे काढा आणि चिकटवा’ हे वाक्य ज्यांनी तुम्हाला शिकवलं असेल, त्यांचं बाकी सगळं ऐका, एवढं एक वाक्य विसरा. उत्तर चिकटवून येत नाही. डावीकडचा आकडा म्हणजे शेकडे आणि उजवीकडचा सुट्टे एकक. त्यांची बेरीज करायची असते, कधीकधी वजाबाकी. ९१ आणि १८ शेजारी लिहिले तरी चालतं, कारण ९१०० मध्ये १८ मिळवले की शेवटच्या दोन शून्यांच्या जागी ते बरोबर बसतात. उजवीकडे दोनच अंक आले म्हणून ते जमलं. दर वेळी तसं होत नाही.

आता माझ्या खड्ड्याकडे येते. इथे जरा रेंगाळणार आहे, कंटाळा आला तरी सोडू नका.

१०३ हा शंभरापेक्षा ३ने जास्त, ९६ हा ४ने कमी. तिरकं केलं: १०३ − ४ = ९९. उलट बाजूनेही तेच, ९६ + ३ = ९९. इथवर मी बरोबर होते. मग ३ × ४ = १२, चिकटवले, ९९१२. हे १२ वजा करायचे असतात हे मला ‘माहीत’ होतं. वहीत नियम लिहिलेला होता: एक कमी, एक जास्त असेल तर उजवा भाग ऋण. पण घाईत हात सवयीने चालतो, आणि माझ्या हाताला सवय होती चिकटवायची.

नियम पाठ करून ही चूक गेली नाही. ती गेली चौकटीच्या कागदावर. शंभर ओळी आणि प्रत्येक ओळीत शंभर घरं असा चौकोन डोळ्यांसमोर आणा. दहा हजार घरं झाली. आपल्याला १०३ ओळी हव्यात, पण प्रत्येक ओळीत ९६च घरं. आधी खाली तीन ओळी वाढवल्या, शंभर-शंभर घरांच्या: ३०० वाढले. मग उजवीकडून चार उभे स्तंभ कापायचे. मूळच्या शंभर ओळींतून कापले तर ४०० गेले. दहा हजार, अधिक ३००, वजा ४००: ९९००. हेच ते नव्याण्णव शेकडे. पण कात्री अजून पुरती खाली पोहोचलेली नाही. नव्याने जोडलेल्या तीन ओळींच्या टोकाला चार-चार घरं लोंबतायत. ती बारा घरंही कापायलाच हवीत. म्हणून ९९०० − १२ = ९८८८.

हाच कागद ९७ × ९४ साठी पाहा. तीन ओळी काढल्या, सहा स्तंभ काढले, म्हणजे ३०० आणि ६०० गेले. पण कोपऱ्यातली ३ × ६ घरं ओळींबरोबरही गेली आणि स्तंभांबरोबरही. एकदाच जायला हवी होती, दोनदा मोजली गेली, म्हणून १८ परत मिळवायची. दोन्ही संख्या वर असतील तेव्हा कोपरा नव्यानेच तयार होतो, तोही मिळवायचा. कोपऱ्याचं काय होतं एवढं दिसलं की चिन्ह पाठ करावं लागत नाही.

त्या दिवसापासून मी आकडे मनात बोलताना ‘शेकडे’ हा शब्द गाळत नाही. ‘नव्याण्णव, बारा’ असं म्हणत नाही, ‘नव्याण्णव शेकडे, वजा बारा’ असं म्हणते. चिन्ह दुसऱ्या भागाच्या आधी उच्चारायचं. थोडं बालिश वाटेल, पण अर्धा सेकंदच जास्त लागतो आणि त्याच सवयीने इतर दोन चुकाही मिटतात.

पहिली चूक ९८ × ९७ची. डावीकडे ९५, उजवीकडे २ × ३ = ६. चिकटवणारा ९५६ लिहितो. ‘पंच्याण्णव शेकडे आणि सहा’ म्हणणाऱ्याच्या हातून ९५०६च येतं. दुसरी ८८ × ८५ची. तुटी १२ आणि १५, डावीकडे ७३, उजवीकडे १८०. चिकटवलं तर ७३१८०, जे उघडच वेडगळ आहे. त्र्याहत्तर शेकडे आणि एकशे ऐंशी: ७४८०. पुस्तकं याला ‘हातचा डावीकडे न्या’ असा वेगळा नियम करून देतात आणि आधीच्यासाठी ‘शून्य भरा’ असा आणखी एक. मला हे नियम वाढवणं पटत नाही. साधी बेरीज आहे, ती बेरीज म्हणून करा.

वजाबाकीत मात्र अजून एक ठेच आहे आणि मी तीही खाल्ली. चिन्ह सुधारल्यावर दोन-तीन दिवस मी ९९०० − १२ चं उत्तर ९९८८ लिहीत होते. शंभरातून १२ गेले की ८८ राहतात हे बरोबर, पण ते शंभर नव्याण्णव शेकड्यांतूनच काढलेले असतात, म्हणून शेकडे अठ्ठ्याण्णव उरतात. आता मी आधी डावीकडचा एक कमी करते आणि मगच उजवीकडे बघते. १०७ × ९२: नव्याण्णव शेकडे, वजा छप्पन्न. अठ्ठ्याण्णव, चव्वेचाळीस. ९८४४. उजवा भाग शंभराच्या वर गेला, तर हा एक कमी करायचा खेळ सोडून सरळ वजाबाकी करा. ८८ × ११३ मध्ये १०१ शेकडे वजा १५६ येतात, म्हणजे १०१०० − १५६ = ९९४४.

आता पडताळा. ‘अंकांची बेरीज करून नऊ टाका म्हणजे चूक सापडते’ असं पुष्कळ जण ठासून सांगतात. अर्धवट खरं आहे. १०३ची अंकबेरीज ४, ९६ची १५ म्हणजे ६, गुणाकार २४ म्हणजे ६, तर उत्तराचीही ६च यायला हवी. माझ्या ९९१२ची बेरीज २१ म्हणजे ३. चूक सापडली असती. पण ९५६ आणि ९५०६ यांची अंकबेरीज एकच, २०. शून्य गाळलं तरी बेरीज तीच राहणार. ७३१८० आणि ७४८० यांचंही तसंच, दोन्हीकडे १९. म्हणजे चिकटवण्यातून होणाऱ्या या दोन चुका नऊ टाकून कधीच सापडत नाहीत, आणि शेवटचा अंकही बरोबरच असतो. तिथे फक्त आवाका उपयोगी पडतो: शंभराजवळच्या दोन संख्यांचा गुणाकार दहा हजारांच्या आसपास हवा, ९५६ असूच शकत नाही.

चिन्हाच्या चुकीचं उलट आहे. ९९१२ आणि ९८८८ दोन्ही दहा हजारांजवळचे, तिथे आवाका आंधळा. तिथे शेवटचा अंक बघा: ३ × ६ = १८, म्हणजे शेवटी ८ हवा. एवढं पाहायला एक सेकंद पुरला असता. हाही पडताळा सर्वकाळ चालत नाही. ९५ × १०३ मध्ये कोपरा १५चा आहे. ९८ शेकडे अधिक १५ म्हणजे ९८१५, वजा १५ म्हणजे ९७८५, दोन्हींच्या शेवटी ५च. कोपरा पाचाच्या पटीत असला की शेवटच्या अंकावर विसंबू नका, तिथे नऊ टाकून बघा. ९५ची बेरीज १४ म्हणजे ५, १०३ची ४, गुणाकार २० म्हणजे २. ९७८५चीही २९, म्हणजे ११, म्हणजे २. ९८१५ची ५ येते, ती बाद. फार झालं वाटतंय ना? घाबरू नका, प्रत्यक्षात मी फक्त आवाका आणि शेवटचा अंक बघते, आणि कोपरा पाचाच्या पटीत असेल तेव्हाच नऊकडे वळते.

पद्धत कुठे थांबवायची हेही कुणी नीट सांगत नाही. ‘दोन्ही संख्या शंभराजवळ हव्यात’ हा नियम ढोबळ आहे. खरी अडचण कोपऱ्याची असते. ९८ × ६३ मध्ये ६३ बराच लांब आहे, तरी २ × ३७ = ७४ सहज येतात: एकसष्ट शेकडे आणि चौऱ्याहत्तर, ६१७४. उलट ८३ × ७८ मध्ये १७ × २२ करावं लागतं, ३७४. उत्तर बरोबरच येतं, ६१०० + ३७४ = ६४७४, पण एका गुणाकाराच्या पोटात दुसरा गुणाकार करून वाचलं काय? कोपरा पाठ असलेल्या पाढ्यात बसत नसेल तर मी सरळ कागदावर मांडते. एक वर्ष मला त्याची लाज वाटायची, आता वाटत नाही.

सराव करताना सगळी ९७ × ९४ सारखी उदाहरणं सलग सोडवू नका. मी दोनशे सोडवली होती आणि हाताला लागलेली चिकटवायची सवय तिथलीच. एक दोन्ही खालचं, एक मिश्र, एक दोन्ही वरचं, मग परत मिश्र, असं मिसळून घ्या. मिश्र थोडी जास्तच. आणि पहिल्या आठवड्यात घड्याळ लावू नका.