टॅक्स ऑडिटची रात्र जागून काढली, आता झोपायचं कधी?

सांगलीत आर्टिकलशिपला नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. सप्टेंबर आला की ऑफिसात हळदीच्या अडत्यांच्या आणि तासगावच्या बेदाणावाल्यांच्या फायलींचे ढीग लागतात, ३० तारीख जवळ येते आणि २९ ची रात्र बऱ्याच ऑफिसात अख्खी जागून जाते. रात्र कशी काढायची हे सिनियर सांगतातच, चहा कुठला, वडापाव किती वाजेपर्यंत मिळतो वगैरे. पण सकाळी घरी गेल्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि खरी वाट तिथंच लागते. एक रात्र गेली तर शरीर ते निभावून नेतं, पण दुसऱ्या दिवशी चुकीच्या वेळी झोपलात की पुढचा अख्खा आठवडा उलटा होऊन बसतो.

मी एकच केस घेतो. रोज साडेअकराला झोपणारा आणि साडेसहाला उठणारा माणूस. २९ ची रात्र पूर्ण जागा, सकाळी नऊला ऑफिसातून सुटला, सर म्हणाले दोन वाजता परत ये, राहिलेल्या दोन-तीन फायली संध्याकाळपर्यंत टाकून देऊ. तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर त्या हिशोबानं मागंपुढं करा.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेचा दाब, तो जितका वेळ जागे राहाल तितका वाढत जातो आणि झोपलात की उतरतो. पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली पाणी चढतं ना, तसंच, आणि ते उतरायचा मार्ग एकच, झोप. दुसरं म्हणजे आतलं घड्याळ, ते तुम्ही झोपलात का जागे आहात याची फारशी पर्वा करत नाही, ते आपल्या वेळेनं चालतं. रोजच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी, म्हणजे आपल्या केसमध्ये पहाटे साडेचारच्या आसपास, शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या वेळी ऑफिसात अचानक थंडी वाजायला लागते, कुणीतरी पंखा बंद करतं, आणि लेजरमधली तीच ओळ चार वेळा वाचली जाते, ते यामुळं. मग उजाडतं, घड्याळ वर चढायला लागतं आणि आठ-नऊला एकदम फ्रेश वाटतं. नवीन लोक इथं फसतात. "मला तर काहीच झालं नाही, मी असाच जाईन दिवसभर" असं वाटतं, पण दाब तसाच्या तसा आहे, फक्त घड्याळानं तो झाकलाय.

म्हणून पहिली गोष्ट, नऊला गाडीला किक मारू नका. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलंय की १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो आणि २४ तासांनंतर ते साधारण ०.१० टक्क्यांपर्यंत जातं. आपल्याकडं गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ आहे, म्हणजे आता तुम्हीच बघा. गाडी ऑफिसखालीच राहू द्या, मिरजेला जायचं असेल तर वडाप आहे, सिटी बस आहे. आणि स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका कारण झोप न झालेल्या माणसाला आपण किती पेंगतोय हेच नीट कळत नाही. "विश्रामबागचा चौक कधी गेला आठवतच नाही" असं झालं तर समजा की मधे काही सेकंद डोकं झोपलेलं होतं, डोळे उघडे असले तरी.

आता मुख्य प्रश्न, घरी गेल्यावर झोपायचं का नाही. झोपायचं, पण मोजून. साडेनऊला घरी, काहीतरी हलकं खायचं, पोहे, उपीट, जे असेल ते, आणि दहा-सव्वादहाला आडवं व्हायचं आणि गजर दीड तासाचा लावायचा. दीड तास का तर झोपेचा एक फेरा साधारण नव्वद मिनिटांचा असतो, गाढ झोपेतून वर यायला तेवढा वेळ मिळतो. ते काय घड्याळी मोजमाप नाही, माणसागणिक वीस-पंचवीस मिनिटं इकडंतिकडं होतं, पण बऱ्यापैकी जमतं. वेळच नसेल तर वीस मिनिटं चालतील. नको ते मधलं पाऊण तास-एक तास, कारण रात्रभर जागलेला माणूस काही मिनिटांतच खोल झोपेत जातो आणि तिथून कुणी उठवलं की अर्धा तास डोकं बधिर, चिडचिड, झोपण्याआधी बरा होतो असं वाटतं. खरं तर वीस मिनिटांनंतरही थोडं तसं होणारच, तोंड धुवा, उजेडात या, उठल्याउठल्या कुणाच्या फायलीवर सही करायला बसू नका.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे आई. गजर वाजतो, तुम्ही बंद करता, आणि आई म्हणते "झोपू दे लेकराला, रात्रभर जागलंय." दारं-खिडक्या लावते, पंखा वाढवते, आणि तुम्ही डायरेक्ट संध्याकाळी सहाला उठता. प्रेमच आहे, पण हिशोब बघा. सव्वादहा ते सहा पावणेआठ तास झोप झाली, दाब जवळजवळ पूर्ण उतरला. रोज तुम्ही साडेअकराला झोपता तेव्हा १७ तास जागे असता, आज साडेअकराला फक्त साडेपाच तास जागे. झोप येणारच कशी? माझ्या मावसभावानं नेमकं हेच केलं, पहाटे चारपर्यंत मोबाईल बघत बसला, दुसऱ्या दिवशी अकराला उठला, त्या रात्री परत दोनपर्यंत टक्क जागा, आणि ऑफिसात आठवडाभर लंचनंतर पेंगायचा. एका रात्रीच्या जागरणानं तो नव्हता दमला, नंतरच्या त्या एका दुपारनं दमवला. त्यामुळं घरी गेल्यागेल्या आईला स्पष्ट सांगायचं की पावणेबाराला मला ओढून उठव, मी काहीही बोललो तरी ऐकू नकोस. आणि फोन हाताला लागेल असा ठेवायचा नाही, दुसऱ्या खोलीत.

उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं तरी गच्चीवर नाहीतर अंगणात, उन्हात. हे मी उगाच नाही सांगत. घड्याळ सेट होतं ते उजेडावर. पहाटेच्या त्या सगळ्यात थंड वेळेच्या आधी डोळ्यात भक्क उजेड गेला की घड्याळ पुढं ढकललं जातं, म्हणजे उद्या झोप उशिरा येणार, आणि त्या वेळेनंतरचा उजेड ते उलट अलीकडं ओढतो. तुम्ही रात्रभर ट्यूबलाइट आणि स्क्रीनसमोर बसलेले, म्हणजे थोडं पुढं ढकललं गेलंच असणार. त्यात माणसाचं आतलं घड्याळ मुळातच २४ तासांपेक्षा जरासं मोठं असतं, त्याला उशिराकडं सरकायला निमित्तच लागतं. म्हणून सकाळी ऑफिसातून निघताना गॉगल घालून, टोपी ओढून जाऊ नका, सकाळचं ऊन डोळ्यात जाऊ द्या. रात्रपाळी कायमची करणाऱ्यांना नेमका उलटा सल्ला देतात, पण तुम्हाला आज रात्री परत वेळेवर झोपायचंय.

दोनला ऑफिस. चहा घ्यायचा तर तेव्हाच शेवटचा. कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं रात्री साडेअकरालाही अंगात असणार. दोन ते चार सगळ्यात जड जाईल, तेव्हा आकडे टाकायचं काम घेऊ नका, फायली लावणं, क्लायंटला फोन करणं असलं काहीतरी घ्या, आणि अपलोडच करायचं असेल तर दुसऱ्याला बाजूला बसवून आकडे मोठ्यानं वाचून घ्या. शून्य जास्तीचं पडलेलं तुमच्या डोळ्याला दिसणारच नाही अशी अवस्था असते.

मग संध्याकाळी गंमत होते. साडेआठ-नऊला एकदम तरतरी येते. दुपारी मरगळलेला माणूस रात्री नऊला म्हणतो चला भडंग खाऊ, एखादी सिरीज लावू. रोजच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी घड्याळ मुद्दाम जागं ठेवतं, हा त्याचा नेहमीचा स्वभाव, फक्त आज जास्त जाणवतो. दोन्ही बाजूंनी चूक होते इथं. कुणी सात-साडेसातलाच जेवून झोपतं, आणि पहाटे तीनला टक्क डोळे उघडतात आणि परत झोप नाही. आणि कुणी त्या तरतरीच्या भरात बारा-एक वाजवतं. आपल्या केसमध्ये बरोबर वेळ सव्वादहा ते साडेदहा, म्हणजे रोजच्यापेक्षा फारतर तास-सव्वा तास आधी. नऊनंतर घरातले मोठे दिवे बंद, मोबाईल लांब.

सकाळी गजर साडेसातचा, रोजच्यापेक्षा एक तास उशिरा, त्याहून जास्त नाही. नऊ तास होतात तेवढ्यात. लोकांना वाटतं सात तास बुडाले म्हणजे सातच्या सात परत भरायला पाहिजेत, तसं नसतं. पहिल्या रात्री मेंदू गाढ झोपेचा वाटा वाढवून घेतो, तासांऐवजी खोलीतनं भरपाई करतो. स्वप्नांची झोप बऱ्याचदा दुसऱ्या रात्री जास्त येते, त्यामुळं १ तारखेच्या रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडली तर घाबरू नका.

काही चुकलंच, समजा आईनं उठवलं नाही आणि तुम्ही दुपारी तीनपर्यंत झोपलात, तर त्या रात्री लवकर झोपायचा हट्ट करू नका, नुसतं कूस बदलत पडाल. साडेअकरा-बारालाच झोपा, आणि सकाळी मात्र साडेसातच्या पुढं जाऊ नका, झोप कमी पडली तरी. उठायची वेळ धरली की झोपायची वेळ एक-दोन दिवसांत आपोआप मागं येते, उलटं होत नाही.

हे सगळं एका रात्रीसाठी आहे. लागोपाठ दोन रात्री जागायची वेळ आली तर दुसऱ्या रात्री तीन ते साडेचार तरी ऑफिसातच सतरंजी टाकून झोपा, सरांना सांगून. आणि ज्यांना फिट्स येतात किंवा बायपोलरची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी पूर्ण रात्र जागूच नये, एका जागरणानंही त्रास उलटू शकतो, ऑफिसात हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि हो, २ ऑक्टोबरला सुट्टी असते. १ तारीख नीट काढलेली पोरं तिथं घसरतात, गांधी जयंती म्हणून बारापर्यंत लोळतात आणि ३ तारखेला परत पहिल्यापासून सुरू. त्या दिवशी साडेसातला उठा, फारच वाटलं तर जेवण झाल्यावर एक-दीडला अर्ध्या तासाच्या आत एक डुलकी काढा. तीनच्या पुढं मात्र नाही.