टीव्हीला वायरचा हेडफोन लावताना या चुका टाळा

ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मागे पडतो, म्हणून बरेच जण वायरकडे परत येतात आणि मग वायरवरही काहीतरी बिघडलेलं दिसतं. एकतर आवाजच येत नाही, किंवा गाणं ऐकू येतं पण निवेदक गायब, किंवा एका कानात सतत गुरगुर. हेडफोन बहुतेक वेळा चांगलाच असतो. घोळ असतो तो कुठल्या भोकात काय घातलं यात.

टीव्हीच्या मागे ३.५ मिलिमीटरचं भोक दिसलं म्हणजे ते हेडफोनचंच, हा समज पहिल्यांदा सोडा. नव्या पातळ टीव्हींमध्ये जागा वाचवायला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या जागी असंच एक भोक देतात आणि शेजारी एव्ही इन असं लिहिलेलं असतं. तिथून टीव्ही आवाज घेतो, देत नाही. कधी असं भोक कंपनीच्या तंत्रज्ञासाठी असतं आणि त्यावर सर्व्हिस असं लिहिलेलं असतं. हेडफोनचं चित्र किंवा ऑडिओ आउट अशी अक्षरं दिसली तरच तिथे पिन घाला. टीव्हीच्या मागची लाल-पांढरी भोकंही बहुधा इनच असतात.

बरोबर भोक सापडलं तरी सेटिंग पाहावं लागतं. बऱ्याच टीव्हींत हेच भोक हेडफोनसाठी चालतं आणि ॲम्प्लिफायरला आवाज देण्यासाठीही, आणि दोन्हीतलं काय हवं ते आवाजाच्या मेनूत ठरतं. तिथे `Audio Out` आणि `Fixed` निवडलेलं असेल तर टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही आणि तो पूर्ण जोराने कानात येऊ शकतो. म्हणून आधी पिन घाला, आवाज कसा आहे ते हेडफोन हातात धरून ऐका, मगच कानाला लावा. घरात कानाने कमी ऐकणारं कुणी असेल तर टीव्हीचा स्पीकर आणि हेडफोन दोन्ही एकदम चालतील असा पर्याय मेनूत आहे का तेही बघा. काही टीव्हींत तो असतो. असला तर बाकीच्यांसाठी स्पीकर बंद करावा लागत नाही.

आता निवेदक गायब होण्याबद्दल. संगीत येतं, प्रेक्षकांचा कल्ला येतो, पण बोलणारा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा लांब जातो. बोलणं डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना सारखंच असतं. दोन्ही बाजूंची परतीची वायर एकच असते आणि तिचा संपर्क तुटला की दोन्ही कानांचे स्पीकर एकमेकांतूनच जोडले जातात. मग जे दोन्हीकडे सारखं आहे ते रद्द होतं आणि फक्त फरक उरतो. बोलणं नेमकं या रद्द होणाऱ्या भागात असतं.

हे होण्याची कारणं दोन. पिन पूर्ण आत गेलेली नसते, आणि टीव्ही भिंतीला चिकटलेला असला की हे हमखास घडतं. किंवा मोबाइलचा माइकवाला हेडफोन असतो. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात आणि चार भाग. तीन भागांच्या भोकात त्याचा शेवटचा भाग, म्हणजे माइकचा, परतीच्या जागी टेकतो. हे ओळखायची सोपी खूण आहे: हेडफोनच्या वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. दाबलेलं असेपर्यंत आवाज भरदार झाला, तर दोष याच जुळणीचा. दोन रेघांचा, विनामाइकचा हेडफोन घ्या. लांब वायर लागत असेल तर तीही तशीच घ्या. फार बारीक आणि लांब वायरच्या परतीच्या तारेतला अडथळा वाढला तरी थोडाफार हाच परिणाम होतो, म्हणून तीन-चार मीटरला पुरेल एवढीच घ्या आणि स्वस्तातली केसासारखी पातळ घेऊ नका.

टीव्हीला हेडफोनचं भोकच नसेल तर सेट टॉप बॉक्सकडे वळा. समजा पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये आजोबांना रात्री बातम्या ऐकायच्या आहेत, टीव्हीला फक्त एव्ही इन आहे, पण डिश टीव्हीच्या बॉक्सला मागे एव्ही आउटचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे. थेट हेडफोन तिथे घातला तर एका कानात गुरगुर येते आणि पडद्यावर पांढरी पाटी आली की तिचा सूर बदलतो. तो सूर म्हणजे चित्राचा सिग्नल आहे. या भोकात आवाजाबरोबर व्हिडिओही असतो. त्यासाठी बॉक्ससोबत आलेली लाल-पांढरी-पिवळी वायर लावा, पिवळी सोडून द्या, आणि लाल-पांढऱ्या पिना घेऊन दुसरीकडे हेडफोनचं भोक देणारा जोड लावा. बाजारातली दुसरी वायर वापरली तर तिची जुळणी वेगळी असू शकते. लाल पिनेवर गुरगुर आली तर पिवळीवर आवाज तपासून पाहा.

एवढं करून आवाज बारीक येईल, कारण हे भोक हेडफोन ओढण्यासाठी बनवलेलं नाही. बॉक्सच्या रिमोटने बॉक्सचा आवाज पूर्ण वाढवा. तरी पुरला नाही तर मध्ये छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर लावा.

इथे एक अनपेक्षित गोष्ट घडते: आवाज चित्राच्या आधी येतो. बॉक्समधून आवाज लगेच कानात जातो, पण चित्र टीव्हीत जाऊन सफाईदार केलं जातं आणि त्यात काही टीव्हींना शंभर मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मागे पडलेल्या आवाजापेक्षा आधी आलेला आवाज माणसाला लवकर खटकतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९८ च्या शिफारशीत आधी येणारा आवाज ४५ मिलिसेकंदांना जाणवतो असं आहे आणि मागे पडलेला १२५ ला. तपासायला वृत्तनिवेदकाच्या ओठांकडे पाहा. ‘मुंबई’, ‘पाऊस’, ‘बाजार’ म्हणताना ओठ मिटतात. मिटायच्या आधीच ‘म’ ऐकू आला तर टीव्हीचा गेम मोड लावा किंवा हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. चित्राची ती गुळगुळीत हालचाल जाईल, पण बातम्यांना ती लागतही नाही.

टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर त्यापुढे डिजिटलचा ॲनालॉग करणारी छोटी डबी लावूनही हेडफोन जोडता येतो. तिला ३.५ मिलिमीटरचं हेडफोनचं भोक आहे ना, ते घेतानाच बघा. डबीचा दिवा लागतो आणि आवाज मात्र शून्य, किंवा नुसती खरखर, असं झालं तर टीव्हीचं डिजिटल ऑडिओचं सेटिंग `PCM` करा. टीव्हीने आवाज डॉल्बी प्रकारात पाठवला तर साध्या डबीला तो उलगडता येत नाही. आवाजाचं बटण डबीवरच असलेलं बरं, कारण ऑप्टिकलवर टीव्हीचं रिमोट बहुधा चालत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे रोकूचं, म्हणजे टीव्हीवर इंटरनेटचे कार्यक्रम दाखवणाऱ्या पेटीचं, हेडफोनचं भोक असलेलं रिमोट दिसतं. ते वायरचं वाटलं तरी रिमोटपर्यंत आवाज वायफायने येतो आणि चित्र त्याच्याशी जुळवून घेतलं जातं. त्यात दोन चुका होतात. एक म्हणजे पेटीसोबत आलेल्या साध्या इन्फ्रारेड रिमोटवर हेडफोनचं भोक शोधणं. त्याला ते नसतं. दुसरी म्हणजे केबलच्या बॉक्सचा आवाज त्यात शोधणं. रोकूची वेगळी पेटी फक्त स्वतःच्या ॲप्सचाच आवाज रिमोटकडे पाठवते. आवाज तुटायला लागला तर आधी रिमोटचे सेल बदला आणि तरीही तुटत असेल तर पेटी टीव्हीच्या धातूच्या पाठीमागून काढून उघड्यावर ठेवा. हेडफोन काढला की टीव्हीचा आवाज आपोआप परत येतो, त्यामुळे झोपताना तो रिमोटला लावूनच ठेवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही मुका झाल्यासारखा वाटतो.