कॉलमचा पायथा आणि व्हायब्रेटरची सुई

डिप्लोमा करून पुण्यातल्या साइटवर आलेल्या पोराला कास्टिंगच्या दिवशी बहुधा व्हायब्रेटरपाशी उभं करतात. सांगतात एकच, ‘जास्त व्हायब्रेट करू देऊ नकोस, खडी खाली बसते.’ हे अर्धंच खरं आहे. मी वाकड-बाणेर पट्ट्यात जे खराब कॉलम पाहिले, त्यातले बहुतेक कमी व्हायब्रेशनने बिघडले होते. जास्तीचा त्रास असतो, पण तो बहुतेक वेळा वरच्या टोकाला.

एका साइटवरचा ३०० बाय ६०० मिमीचा, ३ मीटर उंच कॉलम घ्या. शटरिंग खोललं तर पायथ्याशी वीतभर उंचीत खडी उघडी, मध्ये पोकळ्या, एक रिंगही दिसत होती. त्याच मालाच्या क्यूबचे निकाल मात्र चांगले आले. क्यूब साच्यात नीट ठोकून भरतात, म्हणून तो फक्त माल कसा होता ते सांगतो, कॉलम कसा भरला ते नाही. काँक्रीटमध्ये अडकलेल्या दर १ टक्का हवेमागे साधारण ५ ते ६ टक्के ताकद जाते, आणि ही हवा क्यूबमध्ये दिसत नाही.

तिथे झालं असं होतं. माल वरून ३ मीटर खाली सोडला. रिंगांवर आपटत खडी आणि स्लरी वेगळी झाली, खडी आधी तळाशी गेली. पायथ्याशी आधी भरून घेतलेल्या बुटक्या स्टार्टरपाशी शटरिंगला फट होती, तिथून उरलेली स्लरी बाहेर निघाली. मग अर्धा कॉलम भरल्यावर सुई आत टाकली, पण खालच्या-वरच्या सळया जिथे जोडतात त्या लॅपच्या दाटीत ती अडकली आणि तळापर्यंत पोहोचलीच नाही. वर उभ्या माणसाला हे कळायला मार्ग नव्हता.

यावर सोपा उपाय आहे. रिकाम्या कॉलममध्ये सुई आधीच तळापर्यंत सोडून बघा आणि वरच्या कडेशी पाइपवर रंगीत टेप गुंडाळा. कास्टिंगच्या वेळी टेप कडेशी आली नाही, तर सुई तळाला नाही. दाटी फारच असेल तर २५ मिमीची बारीक सुई मागवा. स्टार्टरची फट आधी बंद करा, आणि माल शक्यतो दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू देऊ नका.

आता भरणं. थर साधारण ४५० मिमीचा. ४० मिमीच्या सुईसाठी दोन टोचण्यांतलं अंतर ३०० मिमीच्या आसपास चालतं, म्हणजे आपल्या कॉलममध्ये लांबीच्या बाजूने दोन जागा पुरतात, दोन्ही कडांपासून साधारण दीडशेवर. सुई उभी आणि झटकन आत जाऊ द्या. हळू घातली तर वरचा माल आधी घट्ट होतो आणि खालची हवा तिथेच कोंडते. ती खालच्या थरात १०० ते १५० मिमी शिरली पाहिजे, नाहीतर थरांमध्ये रेघ उमटते. ५ ते १५ सेकंद ठेवा आणि सावकाश काढा, सेकंदाला साधारण ७५ मिमी. झटका देऊन ओढली की भोक राहतं आणि त्यात नुसती स्लरी भरते. या हिशेबाने सात थरांच्या कॉलमला प्रत्यक्ष व्हायब्रेशन चारेक मिनिटं होतं. मुकादम एका मिनिटात ‘झाला, साहेब’ म्हणाला तर पुढचा अंदाज तुम्हीच बांधा.

घड्याळापेक्षा पृष्ठभाग बघायला शिका. सुईभोवती आधी मोठे बुडबुडे फुटतात. ते थांबले, खडी बुडाली आणि वर पातळ चकाकी आली की काढायची वेळ झाली. कानही उपयोगी पडतो. सुई आत जाताना आवाज बसतो, माल घट्ट झाला की एकसारखा होतो. चकाकीनंतरही तिथेच ठेवली तर पाणी आणि फेस वर येतो, जड खडी खाली जाते, आणि शटरिंगच्या सांध्यांतून स्लरी गळू लागते. माल जितका पातळ, तितकं हे लवकर होतं. म्हणून ढिल्या मालाला वेळ कमी द्यायचा, आणि घट्ट माल लवकर बसावा म्हणून वरून पाणी ओतायचं नाही.

सुईने माल आडवा ढकलणं ही साइटवरची जुनी सवय आहे. त्यात स्लरी पुढे जाते, खडी मागे राहते. सुई शटरिंगला लावली तर तिथे वाळूचे पट्टे उठतात. खालचं काँक्रीट सेट व्हायला लागलं असताना सळईला लावली, तर कंप सळईतून खाली जातो आणि तिथली पकड सुटू शकते.

कॉलमच्या शेवटच्या थरात खालून वर आलेलं पाणी आधीच असतं, त्यामुळे तिथे नेहमीपेक्षा कमी वेळ पुरतो. वर पांढुरकी, नखाने निघणारी साय जमली असेल, तर पुढच्या मजल्याचा स्टार्टर भरण्याआधी ती ब्रशने खरवडून घट्ट खडीपर्यंत काढा. पायथ्याला असा उघड्या खडीचा, पोकळ्यांचा हनीकोंब दिसला, तर कोणीही स्लरी फासण्याआधी फोटो काढा आणि कन्सल्टंटला दाखवा. सुटी खडी छन्नीने काढल्याशिवाय तो किती खोल आहे ते कळत नाही, आणि वरून गिलावा केला की ते कधीच कळत नाही.