डाव्या हाताखालच्या चार कळा: पेन टॅब्लेटवर अनडू, ब्रश साइज आणि इरेजर

माझं टेबल लहान आहे. लॅपटॉप समोर ठेवला आणि त्याच्या पुढ्यात पेन टॅब्लेट ठेवला की कीबोर्डापर्यंत पोचायला डावा हात टॅब्लेटवरून उचलून पलीकडे न्यावा लागतो. सुरुवातीला मी तसंच काम करत होते. एक रेष ओढायची, ती चुकली की हात उचलून Ctrl+Z दाबायचं, परत यायचं. शाईकाम करताना तासाभरात हे शेकडो वेळा होतं. संध्याकाळपर्यंत डावा खांदा भरून यायचा आणि मी त्याचा दोष खुर्चीला देत होते. टॅब्लेटवरच्या कळा तोवर मी एकदाही वापरल्या नव्हत्या.

माझ्याकडे वॅकॉम इंट्युओसचा छोटा टॅब्लेट आहे. त्याच्या वरच्या कडेला, पेन ठेवायच्या खाचेत, चार एक्स्प्रेस की आहेत, आणि पेनाच्या अंगावर दोन बटणं. या पेनाला मागच्या टोकाला खोडरबर नाही. ह्युऑन किंवा एक्सपी-पेनच्या बऱ्याच टॅब्लेटवर कळा डाव्या बाजूला असतात आणि जास्त असतात. त्यामुळे माझी मांडणी जशीच्या तशी तुम्हाला लागू होणार नाही. पण कोणतं काम पेनावर ठेवायचं आणि कोणतं डाव्या हाताखाली, हा हिशेब सगळीकडे सारखाच आहे.

मी पहिल्यांदा अनडू पेनाच्या बटणावर ठेवलं. सर्वांत जास्त लागणारी गोष्ट बोटाखालीच हवी, असा माझा सरळ विचार होता. तो चुकला. लांब वळणदार रेष ओढताना पेन बोटांत किंचित फिरतं आणि अंगठा किंवा तर्जनी बटणावर येते. मी एका जुन्या वाड्याच्या जाळीदार खिडकीचं शाईकाम करत होते. रेष पूर्ण करून पेन उचललं की मधूनच आधीची रेष नाहीशी व्हायची. ती गेल्याचं लगेच लक्षात यायचं नाही, कारण नजर पुढच्या रेषेवर असायची. अर्ध्या तासानंतर जाळीत तीन-चार भोकं दिसली. तोवर पुढे इतकं काम झालं होतं की मागे जाऊन काही हाती लागणार नव्हतं. ती जाळी मला नव्याने काढावी लागली.

म्हणून आता माझा नियम असा आहे: चुकून दाबलं गेलं तरी चित्राला धक्का लागणार नाही, असंच काम पेनावर ठेवायचं. माझ्या पेनाच्या एका बटणावर राइट क्लिक आहे. मी क्रिटा या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये काम करते; तिथे त्याने रंगांची आणि ब्रशांची गोल चकती उघडते, चुकून उघडली तर बंद करता येते. दुसऱ्या बटणावर स्पेस आहे, म्हणजे ते दाबून धरून पेन हलवलं की कागद सरकतो. चित्र बदलणारं, म्हणजे अनडू, इरेजर, साइज, हे सगळं डाव्या हाताकडे.

चार कळा डावीकडून उजवीकडे अशा लावल्या आहेत: पहिलीवर Ctrl+Z, दुसरीवर Shift, तिसरीवर E, चौथीवर Ctrl+Shift+Z. अनडू आणि रीडू मुद्दाम दोन टोकांना ठेवले आहेत. टोकाची कळ न बघता बोटाला सापडते. मधल्या दोन कळा सुरुवातीला चाचपाव्या लागतात. मी तिसऱ्या कळेवर सेलोटेपचा छोटा तुकडा चिकटवला होता, तो आठवडाभराने काढून टाकला. चौथी कळ रीडूवर खर्च करणं अनेकांना उधळपट्टी वाटेल. मला ती हवीच, कारण दोन पावलं मागे जाऊन जुनी रेष बरी होती की नवी, हे मागे-पुढे करून बघता येतं.

हे लावताना एक गोष्ट सांभाळा. वॅकॉमच्या Wacom Tablet Properties मध्ये वरच्या ओळीत प्रोग्रॅमची यादी असते. तिथे + दाबून क्रिटा निवडा आणि मगच कळांची कामं ठरवा. तसं न करता ती सगळ्या प्रोग्रॅमसाठी लावली, तर मेल लिहिताना हात टेकला की मजकुरात ‘e’ उमटतं. कळेला काम देताना Keystroke आणि Modifier असे दोन वेगळे प्रकार दिसतील. Ctrl+Z आणि E यांसाठी Keystroke घ्या. Shift साठी Modifier घ्या, कारण ती कळ टिचकी मारून सोडायची नाही, दाबून धरायची आहे.

आता ब्रश साइज. जवळपास सगळ्या प्रोग्रॅममध्ये [ ने ब्रश लहान होतो आणि ] ने मोठा. सुरुवातीला मी दोन कळा यांनाच दिल्या होत्या. त्यात दोन अडचणी आल्या. चारपैकी दोन कळा एकाच कामात गेल्या, आणि साइज पायऱ्यापायऱ्यांनी बदलत असल्याने 6 वरून 40 पिक्सेलवर जायला कळ कितीतरी वेळा दाबावी लागत होती. क्रिटामध्ये ब्रश हातात असताना Shift धरून पेन कागदावर टेकवा आणि उजवीकडे ओढा, ब्रशचं वर्तुळ डोळ्यांसमोर मोठं होत जातं. डावीकडे ओढलं की लहान. एका कळेत दोन्ही दिशा मिळतात. आकडा वाचावा लागत नाही, वर्तुळ रेषेच्या जाडीशी ताडून बघता येतं. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये याच कामाला Ctrl+Alt धरून ओढावं लागतं, त्यामुळे तिथे कळेवर ती जोडी ठेवा. विंडोजवरच्या फोटोशॉपमध्ये Alt धरून राइट क्लिकने ओढायचं असतं. म्हणजे एक्स्प्रेस की वर Alt आणि पेनाच्या बटणावर राइट क्लिक, अशी दोघांची गाठ पडते. पेनावरचं राइट क्लिक काढून टाकलं असेल तर ही सोय तिथे चालत नाही.

इरेजरवर थोडं थांबायला हवं, कारण नवी माणसं सर्वांत जास्त इथेच गोंधळतात. क्रिटामध्ये E दाबलं की वेगळं खोडरबर हातात येत नाही. हातातला ब्रशच खोडायला लागतो, आणि पुन्हा E दाबेपर्यंत खोडतच राहतो. याचा फायदा मोठा आहे. ज्या खरखरीत ब्रशने रेष काढली त्याच खरखरीतपणाने ती खोडली जाते, कडा उपऱ्या दिसत नाहीत. पण आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे विसरायला होतं. मग कोऱ्या जागेवर पेन फिरवलं की काहीच उमटत नाही आणि पेन बिघडलं असं वाटतं. अशा वेळी आधी वरच्या पट्टीतलं इरेजरचं चिन्ह बघा. ते दाबलेलं असेल तर एकदा E, आणि पेन पुन्हा काढू लागतं.

तिथेच ब्रशच्या सेटिंगमध्ये Eraser switch size नावाची खूण आहे. ती केली की काढताना आणि खोडताना साइज वेगवेगळी लक्षात राहते. शाईकामासाठी मला तिचा फार उपयोग होतो. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये वागणूक निराळी आहे. तिथे E दाबून धरली तर तेवढ्यापुरतं इरेजर येतं आणि सोडली की आधीचा ब्रश परत. मात्र काही टॅब्लेटचे ड्रायव्हर कळ धरून ठेवली तरी एकच टिचकी पाठवतात. तुमचं इरेजर कळ सोडल्यावरही हातातच राहिलं, तर ड्रायव्हर तसं करत आहे असं समजा आणि परत येण्यासाठी प्रोग्रॅममधल्या पेन टूलच्या शॉर्टकटला वेगळी कळ द्या.

एका पानावर हे कसं चालतं ते सांगते. त्याच वाड्याचं चित्र, ए-4 आकार, 300 डीपीआय, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. खिडकीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या 6 पिक्सेलच्या रेषेने काढायच्या. कोपऱ्यात रेषा एकमेकींना ओलांडून पुढे जातात, त्या मी मुद्दाम जाऊ देते, कारण बरोबर कोपऱ्यावर थांबायला गेलं की रेषेचं टोक घाबरल्यासारखं दिसतं. एक ओळ झाली की तिसरी कळ. खोडायची साइज आधीच 25 वर ठेवलेली असते. बाहेर आलेली टोकं टिपून घेते आणि पुन्हा तिसरी कळ. रेष वाकडी गेली तर मात्र मी ती खोडत नाही. पहिली कळ दाबून अख्खी रेष मागे घेते आणि पुन्हा ओढते. खोडून जोडलेल्या रेषेचा सांधा छापल्यावर दिसतो. चौकटीची जाड कडा आली की दुसरी कळ धरून वर्तुळ 14-15 पर्यंत ओढायचं. या सगळ्यात उजवा हात कागदावरून हलत नाही, आणि डावा टॅब्लेटच्या वरच्या कडेवर पडून असतो.

कळ चालेनाशी झाली तर ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी नोटपॅड उघडा. सगळ्या प्रोग्रॅमसाठीच्या यादीत तात्पुरती तीच E ठेवा आणि कळ दाबा. नोटपॅडमध्ये ‘e’ उमटलं तर टॅब्लेट आणि ड्रायव्हर ठीक आहेत, अडचण चित्राच्या प्रोग्रॅममधल्या शॉर्टकटची आहे. काहीच उमटलं नाही तर ड्रायव्हर बघायचा. मॅक असेल तर आधी Accessibility ची परवानगी तपासा, ती नसेल तर कळा गप्प राहू शकतात. पेनाचं बटण कधी चालतं, कधी नाही असं झालं, तर बहुतेक वेळा पेन फार उंच धरलेलं असतं. टोक पृष्ठभागापासून साधारण 7 ते 10 मिलिमीटरच्या आत असेल तरच टॅब्लेटला बटण कळतं.

नोटपॅडच्या याच परीक्षेत मला एकदा ‘e’ च्या जागी नुसता काना दिसला. संवादांच्या फुग्यांमध्ये मराठी मजकूर लिहून झाला होता आणि कीबोर्ड इन्स्क्रिप्टवरच राहिला होता. इन्स्क्रिप्टमध्ये E च्या जागी ‘ा’ असतो आणि [ च्या जागी ‘ड’. एक्स्प्रेस की आपली ठरलेली कळ पाठवतच होती, फक्त तिचा अर्थ बदलला होता, त्यामुळे एकट्या अक्षरांचे शॉर्टकट माझ्या संगणकावर निकामी झाले होते. आता मजकूर लिहून झाला की Win+Space दाबून आधी इंग्रजी कीबोर्ड आणते, मग पेन उचलते.