कादंबरीची आतली पाने लावण्यापूर्वी: कण्याकडचा समास आधी ठरवा

पुस्तकाचा आकार डेमी, म्हणजे कापून झाल्यावर साधारण १४० बाय २१६ मिलिमीटर, हे बहुतेक कादंबऱ्यांच्या बाबतीत ठरलेलेच असते. फॉण्ट आपल्या पसंतीचा घ्यावा आणि मुद्रितशोधन पूर्ण होईपर्यंत पाने लावायला बसू नये. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या बऱ्याच डीटीपी केंद्रांत एकाच संगणकावर कन्नड आणि मराठी अशी दोन्ही कामे चालतात आणि घाईत मागच्या पुस्तकाची फाइल उघडून तिच्यातच नवा मजकूर ओतला जातो. तसे करू देऊ नका. त्या फाइलबरोबर मागच्या पुस्तकाचे समासही येतात, आणि ते पुस्तक जर शंभर पानांचा कवितासंग्रह असेल तर तुमच्या जाड कादंबरीच्या ओळी कण्यात शिरणार हे नक्की.

माझ्या गेल्या पुस्तकात नेमके हेच पाहायचे राहिले, म्हणून हा मुद्दा पुन्हापुन्हा सांगणार आहे: कण्याकडचा समास पुस्तकाची जाडी पाहून ठरवावा, आणि तो इतर सर्व गोष्टींच्या आधी ठरवावा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांच्या घड्या कण्याकडून खरवडून काढतात आणि मग सरस लावतात. त्यात दोन-तीन मिलिमीटर कागद जातो. उरलेले पान सरसात घट्ट धरलेले असल्यामुळे सपाट उघडत नाही, कण्याकडे वळते, आणि त्या वळणात आणखी काही मिलिमीटर झाकले जातात. पुस्तक जितके जाड, तितके हे वळण खोल. पडद्यावर यातले काहीच दिसत नाही, सुट्या प्रिंटवरही दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. कण्याकडे १६ आणि बाहेरच्या बाजूला १५ मिलिमीटर समास ठेवला तर ओळीला १०९ मिलिमीटर मिळतात, आणि समजा कादंबरी ३०२ पानांत बसते. एवढ्या जाडीला १६ अपुरे आहेत. कण्याकडे २२ केले की ओळ १०३ मिलिमीटरची होते आणि तोच मजकूर सुमारे ३२० पानांवर जातो, म्हणजे सोळा पानी फर्म्याच्या हिशेबाने १९ ऐवजी २० फर्मे. वाढीव फर्म्याचा खर्च नको म्हणून समास कमी करण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. हवे तर ओळींमधले अंतर किंचित कमी करा, मात्र वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना टेकणार नाहीत इतपतच.

इनडिझाइनमध्ये फाइल करताना `Facing Pages` चालू हवे, म्हणजे समासाच्या चौकटीत डावे-उजवे न दिसता `Inside` आणि `Outside` दिसतात. ते बंद राहिले तर समपृष्ठांवर रुंद समास बाहेरच्या कडेला जातो आणि अरुंद समास कण्यात. आकडे भरून झाले की खात्री डमीवरच करावी. बाइंडरकडून त्याच कागदाची, तितक्याच पानांची कोरी डमी बांधून घ्यावी, मधल्या एका पानाच्या जागी मूळ मापात छापलेले आणि कापलेले पान कण्यापर्यंत सरकवून चिकटवावे, आणि पुस्तक हातात धरून नेहमीसारखे वाचावे. ओळीचे पहिले अक्षर वाचायला अंगठ्याने पान दाबावे लागत असेल तर समास अजून कमी आहे. डमी कोरी असली तरी कागद छपाईचाच हवा आणि त्याचे तंतू कण्याला समांतर हवेत. आडवे असले तर पान ताठ राहते आणि समास वाढवूनही पुस्तक नीट उघडत नाही.

रनिंग हेडर यानंतरच. डाव्या पानावर कादंबरीचे नाव, उजव्या पानावर प्रकरणाचे. कापण्याच्या कडेपासून निदान १० मिलिमीटर आत, आणि खालच्या पहिल्या ओळीच्या रफाराला व वेलांटीला मोकळी जागा सोडून. प्रकरणाच्या पहिल्या पानावर आणि कोऱ्या पानावर हेडर नको, म्हणून त्या पानांना हेडर नसलेले वेगळे पेरेंट पान लावतात. पण हे पेरेंट पान पानाच्या जागेला चिकटलेले असते, मजकुराला नाही. कण्याकडचा समास नंतर बदलला की प्रकरणे पुढे सरकतात, हेडर नसलेली पाने मागे राहतात, आणि प्रकरणाच्या मोठ्या शीर्षकावर तेच नाव बारीक अक्षरांत पुन्हा छापले जाते. समास आधी ठरवा म्हणतो ते यासाठीही.

शेवटी पृष्ठक्रमांक बाहेरच्या कोपऱ्यात, विषम पाने उजवीकडे. पानसंख्या बदलली असेल तर मुखपृष्ठ करणाऱ्याला कण्याची नवी जाडी कळवावी. पीडीएफमध्ये फक्त हेडर वाचत एक फेरी मारावी, कारण मुद्रितशोधक ते वाचत नाहीत. आणि छपाईला देण्याआधी पट्टी घेऊन एका सम आणि एका विषम पानाचा कण्याकडचा समास पुन्हा मोजावा.