ब्लड लावलं, चार्टही भरला, तरी रिॲक्शन उशिरा का कळली? या चुका टाळा

ट्रान्सफ्युजन चार्ट हातात आला की मी आधी आकडे बघत नाही, पेन बघते. पाचही रांगा एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात, एकाच बसण्यात लिहिल्यासारख्या दिसल्या की समजायचं हा चार्ट पिशवी संपल्यावर भरलाय. त्यात रेस्पिरेशनच्या खान्यात वरपासून खालपर्यंत १८, १८, २०, १८ असेल तर खात्रीच, कारण श्वास कुणी मोजतच नाही, सगळे अंदाजे टाकतात (मीपण टाकलेत, खोटं कशाला बोलू).

चार्ट दिसायला साधाच असतो. ब्लड सुरू करायच्या आधी, म्हणजे तासाभराच्या आतलं टेम्परेचर, पल्स, बीपी, श्वास आणि जमलं तर सॅच्युरेशन, हा झाला बेसलाइन. मग सुरू केल्यावर १५ मिनिटांनी, पुढे अर्ध्या तासाने, मग दर तासाला, आणि पिशवी संपल्यावर परत एकदा. वॉर्डावॉर्डात थोडा फरक असतो पण बेसलाइन, १५ मिनिटं आणि शेवट ह्या तीन रांगा कुठेच सुटत नाहीत, किंवा सुटू नयेत.

आता चुका. एका नाईट ड्युटीत झालेला प्रकार सांगते म्हणजे नीट लक्षात येईल. हॉस्पिटल कुठलं ते राहू दे.

फिमेल वॉर्ड, सात नंबरच्या बाई, हिमोग्लोबिन पाचच्या आसपास. रक्ताची पिशवी ब्लड बँकेतून १०.५० ला आली, ११.०५ ला बेसलाइन घेतला: टेम्परेचर ९८.२, पल्स ८६, बीपी ११०/७०. ११.१० ला ब्लड लावलं. इथपर्यंत वेळेत, कारण फ्रीजमधून बाहेर आलेली रेड सेलची पिशवी अर्ध्या तासाच्या आत लागली पाहिजे आणि चार तासांत संपली पाहिजे. ११.२५ ला टेम्परेचर ९९, पल्स ९८, बीपी १०८/७०. ड्युटीवरच्या सिस्टरने बघितलं, सगळं नॉर्मल, ड्रिप वाढवली आणि दुसऱ्या ॲडमिशनकडे गेली.

चूक इथेच आहे आणि ती बहुतेक सगळेच करतात. ती रांग एकटी वाचली तर खरंच नॉर्मल आहे, ९९ ला कोण ताप म्हणेल. पण चार्ट आडवा वाचायचा नसतो, उभा वाचायचा असतो, म्हणजे प्रत्येक आकडा बेसलाइनशी लावून बघायचा. पल्स बारा ने वर, टेम्परेचर पाऊण डिग्री वर, आणि तेही पहिल्या पंधरा मिनिटांत. यावरून रिॲक्शन आहे असं कुणीच म्हणणार नाही, पण ड्रिप वाढवायची नाही, थांबून पाच-दहा मिनिटांनी परत बघायचं, एवढं तरी नक्की कळतं.

आणखी एक. बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सिस्टर, कमरेत कसंतरी भरून आलंय." सिस्टर म्हणाली, बेड कडक आहे मावशी, कूस बदला. चार्टवर ते कुठेच नाही, कारण चार्टवर त्याला खाना नव्हता! ब्लड चालू असताना कमर दुखणं, छातीत आवळणं, सुई लावलेल्या शिरेत आग होणं, किंवा नुसतं "मला काहीतरी होतंय" असं म्हणत अस्वस्थ होणं, हे ताप चढायच्या आधी येऊ शकतं. थर्मामीटरच्या आधी पेशंट सांगतो. म्हणून खाना नसेल तर कडेला लिहा, पेशंटच्याच शब्दांत, वेळ घालून. बेशुद्ध किंवा भूल दिलेला पेशंट असेल तर तो सांगणारच नाही, तिथे अचानक पडलेलं बीपी, जखमेतून न थांबणारं रक्त आणि कॅथेटरमधल्या लघवीचा रंग एवढंच हातात असतं.

११.४० ला त्या बाईंना हुडहुडी भरली. टेम्परेचर १००.६, पल्स ११८, बीपी ९६/६०.

इथे फॅरनहाइटचा घोळ होतो म्हणून सांगते. पुस्तकातला नियम सेल्सिअसमध्ये आहे, ताप ३८ किंवा वर आणि बेसलाइनपेक्षा निदान १ डिग्रीने जास्त. आपल्या वॉर्डात थर्मामीटर फॅरनहाइटचा. म्हणजे १००.४ किंवा वर, आणि बेसलाइनपेक्षा १.८ ने वर. एक डिग्री वाढ म्हणजे ९८ चं ९९ नाही, आणि उलट बेसलाइनच १०१ असेल तर त्यावर वाढ किती हे बघायचं. बेसलाइन न घेता ब्लड लावलं असेल तर मग बसा वाद घालत की ताप आधीचा का नंतरचा.

सिस्टरने ब्लड बंद केलं, हे बरोबर. पण लगेच त्याच नळीला सलाईन जोडायला निघाली. सेटच्या नळीत साधारण पंधरा-वीस मिली रक्त उरलेलं असतं, वरून सलाईन सोडलं की ते सगळं आत ढकललं जातं, आणि चुकीच्या ग्रुपचं रक्त असेल तर थोडं गेलं तरी नुकसान करतं. मी नेमकी तिथे पोचले म्हणून राहिलं. क्लॅम्प लावायचा, कॅन्युलाशी सेट काढायचा, नवीन सेट आणि नवीन नॉर्मल सलाईन लावून शीर चालू ठेवायची. कॅन्युला काढायची नाही, बीपी पडल्यावर शीर मिळत नाही. रिंगर लॅक्टेट नको, त्यात कॅल्शियम असतं, रक्ताबरोबर गाठी होतात, आणि डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात. श्वास, बीपी, सॅच्युरेशन बघत डॉक्टरांना कॉल, ऑक्सिजन तयार. आणि ह्यातच, नंतर नाही, बेडजवळ उभं राहून पेशंटला पूर्ण नाव विचारायचं, हातातला बँड, पिशवीवरचं लेबल आणि क्रॉसमॅच स्लिप एकमेकाला लावून बघायची.

आम्ही लावून बघितली. पिशवी बी पॉझिटिव्ह, नाव नऊ नंबरच्या बाईंचं. आडनाव एकच, दोन्ही पिशव्या एकाच डब्यातून आलेल्या. सात नंबरच्या बाई ओ पॉझिटिव्ह!

आता पुढची गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. एका पेशंटला चुकीची पिशवी गेली तर दुसरीकडे कोणालातरी त्याची पिशवी जाणार असते. दुसरी सिस्टर नऊ नंबरला ओ ची पिशवी लावायच्या तयारीत ट्रे घेऊन उभी होती. ओरडून थांबवली. म्हणून घोळ सापडला की त्याच वेळी ब्लड बँकेला फोन, आणि तिथून एकत्र निघालेल्या बाकी सगळ्या पिशव्या जागच्या जागी थांबवायच्या.

साधारण सत्तर-ऐंशी मिली रक्त गेलं होतं. रात्री एकला लघवी आली ती कोकम सरबताच्या रंगाची. सलाईन, लघवी चालू ठेवण्याचे उपाय, आयसीयू, रोज क्रिएटिनिन, बाई बाराव्या दिवशी घरी गेल्या. ११.२५ लाच थांबलो असतो तर निम्मं रक्तसुद्धा गेलं नसतं.

त्या गडबडीत आणखी एक होणार होतं. वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी पिशवी उचलली आणि पिवळ्या बॅगेत टाकायला निघाल्या, कारण रोज तेच सांगितलेलं. रिॲक्शनची पिशवी फेकायची नाही. सुई काढून, टोक बंद करून, सेटसकट ब्लड बँकेत पाठवायची. सोबत पेशंटचं नवीन सॅम्पल, ब्लड चालू होतं त्याच्या दुसऱ्या हातातून, एक ईडीटीए ट्यूब आणि एक साधी, आणि पहिली लघवी. सॅम्पल सावकाश ओढा. बारीक सुईने जोरात ओढलं की पेशी ट्यूबमध्येच फुटतात आणि मग तिकडे लाल प्लाझ्मा बघून ब्लड बँकवाले बुचकळ्यात, की हे पेशंटच्या अंगात झालं का तुमच्या सिरिंजमध्ये. तिकडे ते कागद परत तपासतात, आधीच्या आणि नंतरच्या सॅम्पलचा रंग ताडून बघतात, ग्रुप परत करतात आणि डायरेक्ट कूम्ब्स लावतात. रिॲक्शनचा फॉर्मही जातो, भारतात अशा रिॲक्शन नोंदवणारा हिमोव्हिजिलन्स प्रोग्राम २०१२ च्या डिसेंबरपासून चालू आहे. पण त्या फॉर्मवर वेळा आणि रीडिंग तुमच्या चार्टवरूनच उतरतात, चार्ट मागाहून भरलेला असेल तर फॉर्मपण तसाच.

वेळेवरून आठवलं. १५ मिनिटं कधीपासून मोजायची? पिशवी स्टँडला अडकवली तेव्हापासून नाही. सेट आधी सलाईनने भरलेला असेल आणि ड्रिप हळू असेल तर रक्त शिरेपर्यंत पोचायलाच काही मिनिटं जातात. रक्त कॅन्युलात दिसलं ती वेळ लिहा, तिथून मोजा. आणि ती १५ मिनिटं ड्रिप हळूच, मिनिटाला दोनेक मिली, आणि शक्यतो तुम्ही बेडच्या आसपास. घड्याळ बघून खरी वेळ लिहा, ११.२७ तर ११.२७. सगळीकडे गोल गोल ११.१५, ११.३०, १२.०० दिसलं की माझा विश्वास उडतो.

एव्हिलचं काय? कित्येक ठिकाणी ब्लडच्या आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट ठोकायची सवयच आहे, पेशंटला आधी कधी रिॲक्शन आलेली असो नसो, वर एखादी पॅरासिटामॉलपण. यामुळे चुकीच्या ग्रुपची रिॲक्शन थांबत नाही, फक्त ताप दबतो आणि चार्टवर दिसायचं ते दिसत नाही. डॉक्टरांनी कारण बघून लिहिलं असेल तर द्या, आणि चार्टवर वेळेसकट लिहा, म्हणजे नंतर टेम्परेचर वाचणाऱ्याला कळेल.

अंगावर नुसतं पित्त उठलं, गांधी आल्या, खाज सुटली, पण ताप नाही, श्वास नीट, बीपी नीट, तर तेवढी एकच रिॲक्शन अशी आहे की ब्लड थांबवून, डॉक्टरांना दाखवून, औषध देऊन, बरं वाटल्यावर तीच पिशवी हळू परत चालू करता येते. त्यासोबत ओठ सुजले, घशात शिट्टी वाजायला लागली, बीपी पडलं, तर हे ॲनाफिलॅक्सिस, तिथे एव्हिल शोधत बसायचं नाही, पहिलं औषध ॲड्रिनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, आणि ती पिशवी परत नाही.

श्वासाच्या खान्याकडे परत येते, कारण तो खोटा लिहिला की म्हातारी माणसं हातची जातात. बारीक चणीची आजी, जुना ॲनिमिया, हृदय थकलेलं, आणि पिशवी दोन तासांत संपवली. बेसलाइन श्वास २०, बीपी १३०/८०, दुसऱ्या तासाला श्वास ३०, बीपी १७०/१००, उशी उंच मागतायत. हा ओव्हरलोड. थंडी नाही, पित्त नाही म्हणून कुणाला रिॲक्शन वाटत नाही. ब्लड बंद, बसतं करा, ऑक्सिजन, डॉक्टर, लॅसिक्सचा निर्णय त्यांचा, आणि इथे मात्र सलाईन जोरात सोडू नका, नुसती शीर चालू राहील एवढंच. हेच पिशवी संपल्यावरही होतं, १२ तासांपर्यंत. म्हणून अशा पेशंटला शेवटच्या रांगेनंतर रेघ मारून चार्ट फाइलला लावू नका, पुढच्या शिफ्टला ओव्हरमध्ये सांगा की आजींना चारला ब्लड संपलंय, श्वास पूर्ण मिनिट मोजा.