लोखंडी कढईने हिमोग्लोबिन वाढतं का? सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा प्रोटोकॉल असा लिहावा

माझी भाची बडोद्यातच पोषणशास्त्रात एम.एस्सी. करते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आली आणि म्हणाली, "मावशी, साठएक पेपर डाउनलोड केलेत. आता यातले कुठले घेऊ, ते सांग." तिचा विषय होता, लोखंडी भांड्यात शिजवलेलं अन्न खाल्ल्याने हिमोग्लोबिन वाढतं का. मी तिला आधी तो फोल्डर बंद करायला लावला. पेपर वाचून झाल्यावर निकष ठरवले, तर ते नकळत आपल्याला आवडलेल्या पेपरांच्या मापाचे शिवले जातात. आणि आजीच्या कढईवर तर आपल्या सगळ्यांचाच जीव असतो.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून, ठरलेल्या नियमांनी निवडून एकत्र तपासणं. त्याचा प्रोटोकॉल म्हणजे काय शोधणार, कुठे शोधणार, कशाला आत घेणार आणि कशाला बाहेर ठेवणार, हे शोध सुरू करण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवणं. त्यात कोणते मुद्दे हवेत याची 'प्रिझ्मा-पी' नावाची १७ मुद्द्यांची यादी २०१५ सालापासून उपलब्ध आहे. ती समोर ठेवावी. पण खरी मेहनत लागते ती प्रश्न, सर्च, निकष आणि स्क्रीनिंग, म्हणजे सापडलेले पेपर चाळून निवडणं, या चार ठिकाणी, म्हणून इथे तेवढंच सांगते.

प्रश्न घट्ट बांधा

"लोखंडी कढई चांगली का?" हा गप्पांचा प्रश्न झाला. रिव्ह्यूच्या प्रश्नाचे चार भाग लागतात: कोणावर, काय केलं, कशाशी तुलना केली आणि काय मोजलं. आम्ही लिहिलं ते असं: दोन वर्षांवरील मुलं, किशोरवयीन मुली आणि स्त्रिया यांचं रोजचं जेवण किमान ८ आठवडे लोखंडी भांड्यात शिजवलं, तर ॲल्युमिनियम, स्टील, नॉनस्टिक किंवा मातीच्या भांड्यांच्या तुलनेत त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन किती बदलतं?

यातल्या प्रत्येक शब्दामागे कारण हवं, आणि ते कारणही प्रोटोकॉलमध्ये लिहायचं. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. जेवणातून थोडं थोडं मिळणारं लोह दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिनमध्ये दिसेल, ही अपेक्षाच चूक. म्हणून ८ आठवड्यांची अट. भाची म्हणाली, १२ का नाही? १२ही चाललं असतं. आम्हाला ८ पुरेसे वाटले, पण तो आकडा एकही निकाल पाहण्याआधी ठरला, हे महत्त्वाचं.

प्रश्न बांधला की 'प्रॉस्पेरो'वर जाऊन याच विषयाचा रिव्ह्यू आधीच कोणी नोंदवला आहे का, ते बघा. यॉर्क विद्यापीठाने २०११ साली सुरू केलेली ही नोंदवही आहे, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. आपला प्रोटोकॉलही तिथेच नोंदवायचा, स्क्रीनिंग सुरू होण्याच्या आधी. तिथल्या अटींत बसत नसेल तर ओएसएफ या संशोधनाच्या खुल्या साइटवर तारखेसह ठेवला तरी चालतो.

सर्च: शब्दांचे दोन गठ्ठे

नवशिके गुगलमध्ये एक वाक्य टाकतात आणि पहिली तीन पानं पाहून थांबतात. तो शोध दुसऱ्या कोणाला तसाच पुन्हा करता येत नाही. डेटाबेसमध्ये शोधताना समान अर्थाचे शब्द OR ने जोडून गठ्ठे करायचे आणि ते गठ्ठे AND ने जोडायचे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेससाठी आमची सुरुवात अशी होती:

```
("Cooking and Eating Utensils"[Mesh] OR cookware[tiab]
OR utensil*[tiab] OR "cooking pots"[tiab]
OR "iron pot"[tiab] OR "iron pots"[tiab]
OR "cast iron"[tiab] OR kadhai[tiab] OR kadai[tiab] OR karahi[tiab])
AND
("Anemia"[Mesh] OR anemi*[tiab] OR anaemi*[tiab]
OR hemoglobin*[tiab] OR haemoglobin*[tiab] OR iron[tiab])
```

[tiab] म्हणजे शब्द शीर्षकात किंवा सारांशात शोधायचा. [Mesh] म्हणजे पबमेडने त्या लेखाला स्वतः लावलेली विषयाची चिठ्ठी. दोन्ही लागतात, कारण नव्या लेखाला चिठ्ठी लागायला वेळ जातो आणि जुन्या लेखाच्या सारांशात आपला शब्द नसू शकतो. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग वेगळी आहेत. आपली कढई तर इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिली जाते. एक तऱ्हा सुटली की नेमके भारतातले अभ्यास सुटतात.

भाचीने आधी "iron pot" आणि "iron pots" ऐवजी "iron pot*" असं लिहिलं होतं. दिसायला सुटसुटीत, पण त्या ताऱ्यामुळे iron च्या मागे potential किंवा potassium आलेलेही लेख जाळ्यात येतात. तारा कुठे लावायचा, याचा विचार प्रत्येक शब्दाला वेगळा करावा लागतो.

सर्च नीट झाला आहे का, हे ओळखायची एक चांगली खूण आहे. विषयातला एखादा माहीत असलेला अभ्यास घ्या आणि तो निकालात येतो का ते बघा. आमच्यासाठी तो होता १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला इथिओपियातला प्रयोग, ज्यात काही घरांना लोखंडी तर काहींना ॲल्युमिनियमची भांडी देऊन लहान मुलांचं हिमोग्लोबिन पाहिलं होतं. असे तीन-चार अभ्यास हाताशी ठेवावेत. एखादा निसटला तर त्याचं शीर्षक आणि सारांश वाचून कुठला शब्द राहिला ते शोधायचं, आणि तो शब्द गठ्ठ्यात घालायचा.

एकटं पबमेड पुरत नाही. आम्ही प्रयोगांची सूची असलेली कॉक्रेनची सेंट्रल आणि स्कोपस हे डेटाबेसही धरले. त्याशिवाय भारतीय पीएच.डी. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा आणि सुरू असलेल्या प्रयोगांसाठी सीटीआरआय ही भारतीय नोंदवही. लोखंडी भांड्यांसारख्या विषयावरचं काम गृहविज्ञानाच्या विभागांत होतं आणि पुष्कळदा जर्नलपर्यंत पोचतच नाही. एम.एस्सी.चे प्रबंध शोधगंगेवर सहसा मिळत नाहीत. त्यासाठी बडोदा विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत आणि विभागाच्या कपाटाशी प्रत्यक्ष जावं लागतं. ज्यात फरक दिसला नाही असे निकाल बहुतेक तिथेच पडून राहतात. ते सोडले तर कढई आहे त्यापेक्षा गुणकारी दिसेल.

भाषेची अट घालू नका. या विषयावर ब्राझीलमध्येही काम झालं आहे, आणि फक्त इंग्रजी धरलं तर पोर्तुगीजमधलं काही असल्यास ते दिसणारच नाही.

प्रत्येक डेटाबेसचं नाव, सर्चची तारीख, जशीच्या तशी ओळ आणि आलेला आकडा वहीत उतरवा. नंतर आठवून लिहिता येत नाही.

निकष: बाहेर ठेवायचं तेही लिहा

या विषयातला मोठा सापळा म्हणजे भाजीतलं लोह मोजणारे पेपर. पालक किंवा टोमॅटोची आमटी लोखंडी कढईत शिजवली की तिच्यातलं लोह वाढतं, आंबट पदार्थात जास्तच, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण भाजीत उतरलेलं लोह शरीरात शोषलं गेलं का आणि रक्तापर्यंत पोचलं का, हा वेगळा प्रश्न आहे. भाचीच्या त्या साठांतले कितीतरी पेपर याच जातीचे होते. आमचा पहिला नियम म्हणून असा: माणसाच्या रक्तात काही मोजलेलं नसेल तर अभ्यास बाहेर.

दुसरा नियम गोळ्यांचा. आपल्याकडे गरोदर बायकांना आणि शाळेतल्या मुलींना लोहाच्या गोळ्या मिळतात. दोन्ही गटांना सारख्या मिळत असतील तर अभ्यास आत. एकाच गटाला मिळत असतील तर बाहेर, कारण मग कढईचा वाटा वेगळा काढता येत नाही.

तिसरा, अभ्यासाची रचना. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग आत, तुलनेचा गट असलेले आधी-नंतरचे अभ्यासही आत. तुलनेचा गटच नसेल तर बाहेर. ऋतू बदलला, जंताच्या गोळ्या वाटल्या गेल्या, तरी हिमोग्लोबिन हलतं. मग श्रेय कढईला देणार का?

थॅलेसेमिया मायनरबद्दल आमचा बराच वाद झाला. गुजरातेत लोहाणा, सिंधी अशा काही समाजांत तो जास्त आढळतो, आणि त्यात लोह पुरेसं असूनही हिमोग्लोबिन कमी राहतं. शेवटी असे अभ्यास आत ठेवायचे ठरलं, मात्र त्या लोकांना वेगळं काढलं होतं का, याची नोंद करायची.

स्क्रीनिंग: दोघांनी, एकमेकांना न विचारता

सगळ्या डेटाबेसचे निकाल झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणून दुबार नोंदी काढा. मग दोघांनी स्वतंत्रपणे शीर्षक आणि सारांश वाचून 'आत', 'बाहेर' किंवा 'शंका' लिहायचं. या टप्प्यावर शंका म्हणजे आतच. रय्यान या स्क्रीनिंगच्या ॲपमध्ये दुसऱ्याचं मत झाकून ठेवता येतं, ते झाकाच.

सगळं वाचायला बसण्याआधी १०० नोंदींची चाचणी घ्या. समजा दोघींनी ८ नोंदी आत घेतल्या, ८० बाहेर ठेवल्या, ९ फक्त पहिलीने आत घेतल्या आणि ३ फक्त दुसरीने. म्हणजे १०० पैकी ८८ वेळा एकमत. ऐकायला छान वाटतं. पण बहुतेक नोंदी बाहेरच जाणाऱ्या असतात, त्यामुळे डोळे मिटून ठरवलं तरी बरंच एकमत होतं. पहिलीने एकूण १७ आत घेतल्या, दुसरीने ११. योगायोगाने होणारं एकमत, आणि ते वजा करून उरलेलं खरं एकमत मोजणारा कप्पा, असे निघतात:

```
0.17 × 0.11 + 0.83 × 0.89 = 0.757
kappa = (0.88 − 0.757) / (1 − 0.757) = 0.51
```

०.५१ हा कप्पा बेताचाच आहे. आम्ही ०.७ ची मर्यादा प्रोटोकॉलमध्ये लिहिली होती. त्याखाली आलं तर पुढे जायचं नाही. मतभेदाच्या नोंदी एकत्र वाचायच्या, नियम दुरुस्त करायचा आणि नव्या १०० नोंदींवर चाचणी पुन्हा घ्यायची.

अशा वेळी चूक बहुधा वाचणाऱ्याची नसते, नियमात भोक असतं. आमच्या नियमात ते भोक होतं लोखंडी ठोकळ्याचं. कंबोडियात माशाच्या आकाराचा लोखंडी तुकडा साध्या भांड्यात टाकून अन्न शिजवण्याचे प्रयोग झाले आहेत. मी ते आत घेत होते, भाची बाहेर ठेवत होती, आणि प्रोटोकॉलमध्ये 'लोखंडी भांडं' एवढंच लिहिलेलं. आम्ही ठोकळा बाहेर ठेवला, कारण कढईत लोखंडाचा पृष्ठभाग किती, शिजायला किती वेळ लागतो आणि घासणं-गंजणं कसं चालतं, हे सगळं वेगळं असतं.

दुसऱ्या टप्प्यात पूर्ण पेपर वाचायचा आणि बाहेर ठेवलेल्या प्रत्येकापुढे एकच कारण लिहायचं. कारणांचा क्रम आधी ठरवा. आमचा होता: रक्त मोजलं नाही, तुलनेचा गट नाही, ८ आठवड्यांहून कमी, गोळ्या एकाच गटाला. पहिलं लागू पडणारं कारण लिहून पुढे जायचं. हा क्रम नसेल तर एकाच पेपरला दोघी दोन कारणं देतात आणि किती पेपर आले आणि किती कशामुळे गळले हे दाखवणाऱ्या शेवटच्या प्रिझ्मा आकृतीत बेरजा जुळत नाहीत. एकाच प्रयोगावर दोन पेपर असतील तर अभ्यास एकच मोजा. गाव, वर्ष आणि माणसांची संख्या ताडून पाहिली की हे लक्षात येतं. मतभेद मिटला नाही तर तिसरं कोण निर्णय देणार, त्या व्यक्तीचं नावही आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे ते काम भाचीच्या गाइडकडे होतं.

ठोकळ्याचा नियम बदलला तेव्हा आम्ही जुनं वाक्य खोडलं नाही. खाली 'दुरुस्ती १' असं लिहून तारीख, जुना शब्द, नवा शब्द आणि कारण नोंदवलं. त्याशेजारी, तोवर एकाही अभ्यासाचे निकालाचे आकडे आम्ही उतरवले नव्हते, हेही लिहून दोघींनी सही केली.